हाताने मांडलेला अँप्लिफायर स्पाइसमध्ये तपासताना

ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर कागदावर मांडताना दोन वेगळी गणिते करावी लागतात. पहिले गणित स्थिर अवस्थेचे असते. कोणताही सिग्नल नसताना ट्रान्झिस्टरमधून किती प्रवाह वाहतो आणि त्याच्या तीन टोकांवर किती व्होल्ट असतात, हे त्यातून कळते. दुसरे गणित त्या स्थिर अवस्थेभोवती होणाऱ्या लहानशा हालचालीचे असते. सिग्नल किती पट वाढतो आणि कोणत्या वारंवारितेपासून कोणत्या वारंवारितेपर्यंत वाढतो, हे त्यातून निघते. स्पाइस या संगणकीय प्रणालीत या दोन गणितांना दोन स्वतंत्र आज्ञा आहेत. स्थिर अवस्थेसाठी `op`, म्हणजे ऑपरेटिंग पॉइंट, आणि लहान सिग्नलसाठी `ac`, म्हणजे एसी स्वीप. दुसरी आज्ञा पहिलीच्या उत्तरावरच उभी असल्याने निकाल वाचण्याचा क्रमही तोच ठेवावा लागतो.

स्पाइसचा जन्म अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात झाला. डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल यांनी ही प्रणाली लिहिली आणि १९७३ मध्ये ती लोकांसमोर आली. आज वापरात असलेल्या बहुतेक सर्किट-सिम्युलेटरांच्या मुळाशी तीच मांडणी आहे. एनजीस्पाइस ही तिची मोफत मिळणारी मुक्त आवृत्ती आहे. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने तयार केलेले ई-सिम हे साधनही आतून एनजीस्पाइसच वापरते. पुढचे उदाहरण त्याच आवृत्तीतले आहे.

कागदावरचे आकडे

उदाहरणासाठी एका ट्रान्झिस्टरचा, अभ्यासक्रमात हमखास भेटणारा कॉमन-एमिटर अँप्लिफायर घेऊ. पुरवठा १२ व्होल्टचा आहे. बेसला स्थिर व्होल्टेज देण्यासाठी ६८ किलोओहम आणि १२ किलोओहम या दोन रेझिस्टरांची विभागणी आहे. कलेक्टरला ४.७ किलोओहम आणि एमिटरला १ किलोओहम जोडला आहे. एमिटरच्या रेझिस्टरला समांतर असा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. सिग्नल देणाऱ्या उगमाचा रोध ६०० ओहम आणि बाहेरचा भार ४७ किलोओहम धरला आहे.

बेसचा प्रवाह तूर्त सोडून दिला, तर विभागणीतून बेसवर १२ भागिले ८० गुणिले १२, म्हणजे १.८ व्होल्ट येतात. बेस-एमिटरमध्ये ०.७ व्होल्ट पडतात असे मानले, तर एमिटरवर १.१ व्होल्ट उरतात आणि १ किलोओहममधून १.१ मिलिअँपिअर वाहतो. तोच प्रवाह कलेक्टरच्या ४.७ किलोओहममधून गेल्यावर कलेक्टरवर सुमारे ६.८३ व्होल्ट राहतात.

लहान सिग्नलसाठी ट्रान्झिस्टरची ट्रान्सकंडक्टन्स लागते. कलेक्टर-प्रवाहाला २६ मिलिव्होल्टने भागले की ती मिळते, म्हणजे येथे सुमारे ४२ मिलिसीमेन्स. कलेक्टरचा रेझिस्टर आणि भार मिळून ४.२७ किलोओहम होतात. दोन्हींचा गुणाकार १८० पटींच्या जवळ जातो. उगमाचा ६०० ओहमचा रोध आणि अँप्लिफायरचा सुमारे ३.२ किलोओहमचा आवक रोध यांच्यात सिग्नल विभागला जातो आणि त्याचा ०.८४ एवढाच भाग बेसपर्यंत पोहोचतो. म्हणून उगमापासून भारापर्यंतचे एकूण वर्धन सुमारे १५२ पट, म्हणजेच ४३.७ डेसिबल ठरते. हे आकडे आधीच लिहून ठेवलेले असले, तरच सिम्युलेशन म्हणजे तपासणी होते. अपेक्षित आकडा समोर नसेल, तर पडद्यावर आलेले कोणतेही उत्तर बरोबरच वाटते.

हेच सर्किट स्पाइससाठी असे लिहिले जाते.

```
* ce amplifier
VCC vcc 0 DC 12
VS s 0 DC 0 AC 1
RS s a 600
C1 a b 10u
R1 vcc b 68k
R2 b 0 12k
Q1 c b e QN
RC vcc c 4.7k
RE e 0 1k
CE e 0 100u
C2 c out 1u
RL out 0 47k
.model QN NPN(IS=1e-14 BF=200 VAF=100
+ CJC=4p CJE=10p TF=400p)
.control
op
print v(b) v(e) v(c) i(vcc)
show q1
ac dec 20 1 100meg
plot vdb(out)
.endc
.end
```

प्रत्येक ओळीत घटकाचे नाव, तो ज्या नोडांना जोडला आहे त्यांची नावे आणि शेवटी त्याचे मूल्य येते. ट्रान्झिस्टरच्या ओळीत कलेक्टर, बेस, एमिटर हा क्रम ठरलेला आहे. `0` हा नोड म्हणजे ग्राउंड, आणि तो सर्किटमध्ये असलाच पाहिजे. फाइलची पहिली ओळ स्पाइस नेहमी शीर्षक म्हणून बाजूला ठेवते. तिथे चुकून एखादा घटक लिहिला, तर तो सर्किटमधून गळून पडतो.

ऑपरेटिंग पॉइंट वाचणे

`op` चालवल्यावर स्पाइस सगळे कपॅसिटर उघडे आणि सगळे इंडक्टर सरळ तारेसारखे धरते आणि उरलेल्या सर्किटची स्थिर अवस्था सोडवते. वरच्या सर्किटसाठी बेसवर १.७४७, एमिटरवर १.०९१ आणि कलेक्टरवर ६.९० व्होल्ट येतात. कागदावरच्या १.८, १.१ आणि ६.८३ या आकड्यांशी ते जुळतात, पण तंतोतंत नाही. त्या लहान फरकाचे कारण सांगता येणे हाच तपासणीचा गाभा आहे.

बेसवर ५३ मिलिव्होल्ट कमी आले, कारण बेसचा प्रवाह खराखुरा आहे. `show q1` च्या तक्त्यात तो ५.१७ मायक्रोअँपिअर दिसतो. बेसकडून पाहिले तर विभागणीचा रोध ६८ आणि १२ किलोओहम समांतर, म्हणजे १०.२ किलोओहम आहे. या दोन आकड्यांचा गुणाकार बरोबर ५३ मिलिव्होल्ट होतो. दुसरीकडे बेस-एमिटरमधले व्होल्टेज ०.७ ऐवजी ०.६५६ आले. मॉडेलमधला `IS` आणि सुमारे १.१ मिलिअँपिअरचा प्रवाह यांतून तेच निघायला हवे. बेसवर ५३ मिलिव्होल्ट घटले आणि जंक्शनमध्ये ४४ मिलिव्होल्ट वाचले. म्हणून एमिटरवरचा फरक फक्त ९ मिलिव्होल्टचा उरला.

यानंतर ट्रान्झिस्टर कोणत्या स्थितीत आहे ते पाहावे. कलेक्टर आणि एमिटर यांच्यात ५.८ व्होल्ट आहेत आणि बेसपेक्षा कलेक्टर ५ व्होल्टने वर आहे, म्हणजे ट्रान्झिस्टर सक्रिय अवस्थेत आहे. हा फरक ०.२ व्होल्टच्या आसपास आला, तर ट्रान्झिस्टर संपृक्त झाला असे समजावे. कलेक्टर थेट १२ व्होल्टला टेकला, तर ट्रान्झिस्टर बंद आहे. या दोन्ही अवस्थांत एसी स्वीपकडे वळण्यात अर्थ नाही.

पुरवठ्याचा प्रवाह `i(vcc)` उणे १.२३७ मिलिअँपिअर असा छापला जातो. उणे चिन्ह पाहून घाबरण्याचे कारण नाही. व्होल्टेज-उगमाच्या धन टोकातून आत शिरणारा प्रवाह स्पाइस धन मानते, त्यामुळे वीज पुरवणाऱ्या उगमाचा प्रवाह उणेच येतो. या आकड्याचा उपयोग मात्र मोठा आहे. कलेक्टरचा १.०८६ आणि विभागणीच्या वरच्या रेझिस्टरचा ०.१५१ मिलिअँपिअर यांची बेरीज तेवढीच भरली पाहिजे, आणि ती भरते. ती जुळली नाही, तर पुरवठ्याला आणखी कोणता तरी घटक नकळत जोडला गेला आहे.

कागदावरचे आणि पडद्यावरचे आकडे पटींनी वेगळे निघाले, तर बहुतेक वेळा चूक टंकलेखनात असते. स्पाइसमध्ये मोठे आणि लहान अक्षर एकच धरले जाते. त्यामुळे `1M` म्हणजे एक मेगाओहम होत नाही, तर एक मिलिओहम होतो. मेगासाठी `1Meg` लिहावे लागते. तसेच `F` हे अक्षर फेम्टो या उपसर्गाचे आहे. म्हणून `1F` असे लिहिलेला कपॅसिटर एक फॅरडचा न राहता फॅरडच्या एक हजार लाख-कोटीव्या भागाएवढा होतो.

शेवटी मॉडेलमधला `BF`, म्हणजे प्रवाह-वर्धनाचा आकडा, १०० आणि ४०० करून `op` पुन्हा चालवावा. एकाच नावाच्या दोन ट्रान्झिस्टरांमध्ये एवढा फरक सहज असू शकतो. या सर्किटमध्ये कलेक्टरचे व्होल्टेज ७.१४ पासून ६.७७ पर्यंतच सरकते, म्हणजे बायसिंग भक्कम आहे. हेच व्होल्टेज दोन-तीन व्होल्टने हलले असते, तर विभागणीचे रेझिस्टर कमी मूल्याचे घ्यावे लागले असते.

एसी स्वीप काय सांगतो

`ac` ही आज्ञा आधी ऑपरेटिंग पॉइंट शोधते. त्या बिंदूवर ट्रान्झिस्टरच्या वक्र आलेखाच्या जागी स्पर्शरेषा घेते आणि त्या सरळ झालेल्या सर्किटमधून एकेका वारंवारितेची साइन-लहर पाठवून उत्तर काढते. `dec 20 1 100meg` याचा अर्थ १ हर्ट्झपासून १०० मेगाहर्ट्झपर्यंत, दर दहापटीला २० बिंदू.

उगमावर `AC 1` लिहिल्यामुळे बाहेरचा आकडा थेट वर्धन म्हणून वाचता येतो. या सर्किटमध्ये मधल्या पट्ट्यात बाहेर सुमारे १४६ व्होल्ट दिसतात. १२ व्होल्टच्या पुरवठ्यातून १४६ व्होल्ट निघणे अर्थातच शक्य नाही. स्पर्शरेषेला पुरवठ्याची मर्यादा ठाऊक नसते, म्हणून हा आकडा १४६ पट एवढाच वाचायचा. डेसिबलमध्ये तो ४३.३ होतो. मोजणी डोळ्यांनी न करता आज्ञेने करावी.

```
meas ac gmid find vdb(out) at=10k
meas ac flo when vdb(out)=40.3 rise=1
meas ac fhi when vdb(out)=40.3 fall=1
```

कागदावर ४३.७ होते आणि येथे ४३.३ आले. या ०.४ डेसिबलचे मुख्य कारण ट्रान्झिस्टरचा स्वतःचा जावक रोध आहे. `VAF` हा आकडा १०० असल्याने तो सुमारे ९७ किलोओहम होतो आणि ४.२७ किलोओहमच्या भाराला समांतर येऊन त्याला ४.०९ किलोओहमवर आणतो. या मॉडेलला धरून दोन गणितांमध्ये अर्धा डेसिबलचा फरक समजण्यासारखा आहे. पण वर्धन ४३ ऐवजी १२ डेसिबलच्या आसपास आले असते, तर एमिटरचा कपॅसिटर चुकीच्या नोडला जोडला गेला आहे किंवा त्याचे मूल्य `100u` ऐवजी `100p` झाले आहे असे ओळखता आले असते. कपॅसिटर नसताना वर्धन साधारण भार आणि एमिटर-रेझिस्टर यांच्या गुणोत्तराइतके, म्हणजे जेमतेम ४ पट उरते.

आलेखाच्या डाव्या टोकाला कागदावरची सर्वांत नेहमीची चूक उघडी पडते. एमिटरच्या कपॅसिटरची कोपरा-वारंवारिता अनेक जण १ किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड यांतून काढतात आणि १.६ हर्ट्झ हे उत्तर लिहितात. पडद्यावर मात्र वर्धन ३ डेसिबलने घटलेली जागा ६० हर्ट्झच्या आसपास दिसते. येथे स्पाइस बरोबर आहे. कपॅसिटरला एमिटरकडून दिसणारा रोध १ किलोओहम नसतो. एमिटरमधून आत पाहिले, तर २४ ओहमचा अंतर्गत रोध आणि बेसच्या बाजूचा सुमारे ५७० ओहमचा रोध २११ ने भागून येणारे पावणेतीन ओहम दिसतात. एकूण जवळजवळ २६ ओहम. २६ ओहम आणि १०० मायक्रोफॅरड यांची कोपरा-वारंवारिता ६० हर्ट्झच्या जवळच पडते. २० हर्ट्झपासूनचा ध्वनी हवा असेल, तर हा कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरडचा घ्यावा लागेल. आवक आणि जावक कपॅसिटरांचे कोपरे अनुक्रमे ४ आणि ३ हर्ट्झला असल्याने त्यांना हात लावण्याची गरज नाही.

उजव्या टोकाला वर्धन ३ डेसिबलने घटते ते सुमारे ८०० किलोहर्ट्झला. कलेक्टर आणि बेस यांच्यातला जंक्शन-कपॅसिटर मॉडेलमध्ये ४ पिकोफॅरड लिहिला आहे, पण तो शून्य व्होल्टेजचा आकडा आहे. ५ व्होल्टचा उलटा बायस असताना तो २ पिकोफॅरडवर येतो. बेसवरचा सिग्नल कलेक्टरवर १७० पट होऊन उलट दिशेने हलत असल्यामुळे बेसला तो १७३ पट मोठा, म्हणजे ३५० पिकोफॅरडचा भासतो. यालाच मिलर परिणाम म्हणतात. बेस-एमिटरचे ३२ पिकोफॅरड त्यात मिळवले आणि बेसपाशी दिसणारा ५०९ ओहमचा रोध घेतला, की हाताच्या गणितातूनही ८०० किलोहर्ट्झच्या जवळचा आकडा निघतो. येथेही ऑपरेटिंग पॉइंट पाठीशी उभा आहे. कलेक्टरचे व्होल्टेज बदलले, तर जंक्शनचा कपॅसिटरही बदलतो.

कलांतर पाहताना एक सावधगिरी लागते. एनजीस्पाइसमध्ये `vp(out)` मुळात रेडियनमध्ये येते. अंश हवे असतील तर आधी `set units=degrees` द्यावे. मधल्या पट्ट्यात १८० अंश दिसले पाहिजेत, कारण हा अँप्लिफायर सिग्नल उलटवतो. आलेख अचानक उणे १८० वरून अधिक १८० वर उडी मारतो, तेव्हा सर्किटमध्ये काही घडलेले नसते; ती फक्त कोन लिहिण्याची पद्धत आहे.

स्वीप जे सांगत नाही

एसी स्वीपमध्ये विकृती दिसत नाही. या अँप्लिफायरच्या बेसवर १० मिलिव्होल्ट शिखराची लहर दिली, तर बाहेर १.७ व्होल्टची लहर येते. पुरवठ्याच्या दृष्टीने ती सहज मावते, तरीही तिच्यात दुप्पट वारंवारितेची भेसळ सुमारे १० टक्के असते. ट्रान्झिस्टरचा प्रवाह घातांकी नियमाने वाढतो आणि स्पर्शरेषा त्या नियमाला फक्त काही मिलिव्होल्टपर्यंत साथ देते. लहर मोठी होत गेली, की प्रवाह शून्यावर पोहोचतो आणि बाहेरची लहर वरच्या बाजूने सुमारे ४.६ व्होल्टवर कापली जाते. हे पाहायचे असेल, तर `tran`, म्हणजे काळानुसार चालणारे विश्लेषणच चालवावे लागते.

उत्तर जुळत नाही तेव्हा

ऑपरेटिंग पॉइंट एका झटक्यात निघत नाही. स्पाइस सगळ्या नोडांसाठी एक अंदाज घेते, त्या अंदाजावर प्रत्येक घटकाची स्पर्शरेषा काढते, सरळ समीकरणे सोडवून नवा अंदाज मिळवते आणि पुन्हा तेच करते. न्यूटन-रॅफसन पद्धत ती हीच. लागोपाठच्या दोन अंदाजांमधला फरक ठरावीक सीमेत आला की उत्तर मान्य होते. व्होल्टेजसाठी ती सीमा मूल्याचा हजारावा भाग, म्हणजे `reltol` ०.००१, आणि अधिक १ मायक्रोव्होल्ट अशी असते; घटकांच्या प्रवाहांसाठीही अशीच सीमा आहे. १०० फेऱ्यांत, म्हणजे `itl1` च्या मुळातल्या मर्यादेत, हे जमले नाही तर स्पाइस आडवाट धरते.

अवघडपणा डायोडसारख्या जंक्शनमध्ये असतो. तिथे दर ६० मिलिव्होल्टला प्रवाह दहापट होतो. एखाद्या फेरीत अंदाज चुकून जंक्शनवर २ व्होल्ट ठेवून गेला, तर गणिताने निघणारा प्रवाह १ वर १९ शून्ये एवढ्या अँपिअरचा होतो. म्हणून स्पाइस प्रत्येक फेरीत जंक्शनच्या व्होल्टेजची उडी आतूनच आवरते. तेवढ्याने भागले नाही, तर दोन आडवाटा आहेत. पहिलीत सर्किटमध्ये तात्पुरते मोठे गळती-मार्ग जोडून ते हळूहळू काढले जातात. पडद्यावर `gmin stepping` असे येते. दुसरीत सगळे पुरवठे शून्यापासून हळूहळू चढवले जातात. तेव्हा `source stepping` दिसते. हे संदेश केवळ माहितीचे असतात. त्यांच्या शेवटी उत्तर मिळाले, तर ते उत्तरच आहे. दोन्ही वाटा फसल्याचे लिहून आले, तर मात्र कारण शोधावे लागते.

पहिले कारण सर्किटच्या जोडणीत असते. वरच्या उदाहरणातून `RL` काढून टाकला, तर `out` हा नोड फक्त कपॅसिटरला जोडलेला राहतो. स्थिर अवस्थेत कपॅसिटर उघडा असल्याने त्या नोडचे व्होल्टेज ठरवणारे समीकरणच उरत नाही आणि `singular matrix` असा इशारा नोडच्या नावासह येतो. त्यात दिलेले नोडचे नाव हाच सर्वांत उपयुक्त भाग आहे. त्या नोडपासून ग्राउंडपर्यंत रेझिस्टरांचा किंवा जंक्शनांचा एक तरी मार्ग आहे का, ते पाहावे. प्रत्यक्षात तिथे मोजणीयंत्र लागणार असेल, तर त्याचा १० मेगाओहम जोडावा. असा मार्ग सर्वच नोडांना देण्यासाठी एनजीस्पाइसमध्ये `.option rshunt=1e12` आहे. दोन व्होल्टेज-उगम समांतर जोडणे किंवा उगमावर थेट इंडक्टर टाकणे ही याचीच उलटी बाजू आहे. तिथे एकाच व्होल्टेजवर दोन परस्परविरोधी अटी येतात. इंडक्टरला त्याचा खराखुरा तारेचा रोध दिला की प्रश्न मिटतो.

दुसरे कारण अवास्तव मूल्यांत असते. एका जागी मिलिओहम आणि दुसऱ्या जागी गिगाओहम, शून्य काळात उलटणारे स्विच, पायरीसारख्या तुटक सूत्राचे उगम अशा गोष्टींमुळे स्पर्शरेषेला धरायला काही राहत नाही. काळानुसार चालणाऱ्या विश्लेषणात हेच `Timestep too small` या शब्दांत दिसते. काळाची पायरी लहान करत करत स्पाइस थकते, कारण आलेखात मधला उतारच नसतो. चौकोनी लहरीच्या कडांना काही नॅनोसेकंद आणि डायोडांना थोडा जंक्शन-कपॅसिटर दिला, की बहुतेक वेळा काम पुढे सरकते.

तिसरे कारण सर्वांत फसवे आहे, कारण त्यात उत्तर मिळते. धन पुनर्भरण असलेल्या सर्किटांना एकापेक्षा अधिक स्थिर अवस्था असू शकतात. स्वतःचा बायस स्वतःच तयार करणाऱ्या प्रवाह-संदर्भ सर्किटमध्ये ठरवलेला प्रवाह ही एक अवस्था असते आणि शून्य प्रवाह ही दुसरी. स्पाइसने दुसरी निवडली, तर किर्चहॉफचे सगळे नियम पाळले जातात, इशारा येत नाही आणि एसी स्वीपचा आलेखही नीट दिसतो. फक्त वर्धन उणे डेसिबलमध्ये खोल गेलेले असते. अशा वेळी कागदावरचे आकडे कामी येतात. `.nodeset v(b)=1.8 v(c)=6.8` अशी ओळ दिली, तर स्पाइस पहिल्या फेऱ्यांत त्या व्होल्टेजपासून सुरुवात करते, मग ती अट सोडून स्वतःचे उत्तर शोधते. `.ic` ही आज्ञा मात्र `tran` च्या सुरुवातीच्या क्षणी ते व्होल्टेज सक्तीने धरून ठेवते. ऑपरेटिंग पॉइंटला दिशा दाखवण्याचे काम `.nodeset` चे आहे. तरीही स्पाइसला शून्याची अवस्था सापडली, ही गोष्ट विसरून चालत नाही. खरे सर्किटही वीज दिल्यावर तिथेच अडकू शकते आणि त्यासाठी सुरुवात करून देणारी वेगळी जोडणी लागते.

एवढे करूनही उत्तर येत नसेल, तर पुरवठा प्रत्यक्षात चढतो तसा चढवून पाहता येतो. `VCC` ला शून्यापासून १२ व्होल्टपर्यंत काही मिलिसेकंदांत वाढवणारी लहर द्यावी, `tran` चालवावे आणि सर्किट स्थिरावल्यावरचे आकडे वाचावेत. वरच्या अँप्लिफायरमध्ये आवक कपॅसिटरचा काळ-स्थिरांक एक दशांश सेकंदाच्या आसपास असल्यामुळे एक सेकंदभर थांबावे लागते. मिळालेले आकडे `.nodeset` मध्ये घालून नेहमीचे `op` पुन्हा चालवता येते.

सीमा सैल करणारे पर्याय अगदी शेवटी वापरावेत. `itl1` १०० वरून ५०० करण्यात धोका नाही. स्पाइसला फक्त जास्त फेऱ्या मिळतात. `reltol` ०.०१ केले, तर उत्तर एक टक्क्यापर्यंत ढिले होते. `gmin` वाढवणे मात्र सर्किटच बदलून टाकते. हा प्रत्येक जंक्शनला समांतर जोडलेला अदृश्य गळती-मार्ग आहे. मुळात त्याचे मूल्य `1e-12` सीमेन्स असते आणि कलेक्टर-बेसच्या ५ व्होल्टवर त्यातून ५ पिकोअँपिअर गळतात. ते नगण्य आहे. पण उत्तर मिळावे म्हणून कोणी ते `1e-6` केले, तर त्याच ५ व्होल्टवर ५ मायक्रोअँपिअर गळतात, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या बेस-प्रवाहाएवढेच. मग छापून आलेला ऑपरेटिंग पॉइंट कागदावर मांडलेल्या अँप्लिफायरचा राहत नाही. म्हणून सैल सीमांनी मिळालेले व्होल्टेज `.nodeset` मध्ये लिहून, सगळे पर्याय मूळ मूल्यांवर परत नेऊन `op` पुन्हा चालवावे. ते चालले, बेस-प्रवाह आणि पुरवठ्याच्या प्रवाहाची बेरीज जुळली आणि ट्रान्झिस्टर सक्रिय अवस्थेत सापडला, तरच त्या बिंदूवरून काढलेला एसी स्वीप ग्राह्य धरावा.